दुसऱ्या उजेडातला माणूस ग्रुप फोटोत बसवताना: रंगाची झाक आणि कडेची रेघ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या ग्रुप फोटोत जे येऊ शकले नाहीत, त्यांना मागाहून बसवून द्या, असं काम स्टुडिओत नेहमी येतं. कटिंग जमतं, माणूस जागेवर बसतोही. पण त्याच्याभोवती हिरवट किंवा पांढरी रेघ राहते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस नंतर आणलाय. त्याबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण वापरलं आहे. आजोबा उसाच्या फडाजवळ बांधावर उभे आहेत. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, वेळ दुपारची. त्यांना मंगल कार्यालयातल्या ग्रुप फोटोत मरून पडद्यापुढे उभं करायचंय. मेनूंची नावं फोटोशॉपमधली आहेत. गिंपसाठी प्रश्न ११ पाहा.

१. कडेची रेघ आणि रंगाची झाक एकच नाही का? दोन्ही हिरवंच दिसतं.

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. या दोघांची गल्लत होते म्हणून बरीचशी दुरुस्ती वाया जाते.

कडेची रेघ एक-दोन पिक्सेलची असते. सदऱ्याच्या अगदी काठावरच्या पिक्सेलमध्ये थोडा सदरा आणि थोडा ऊस एकत्र आलेला असतो. कटिंग करताना तो पिक्सेल आजोबांबरोबर येतो आणि त्यातला ऊसही सोबत येतो.

झाक म्हणजे खरा उजेड. ऊन फडावर पडतं, तिथून परावर्तित होऊन आजोबांच्या बाहीखाली, हनुवटीखाली, सदऱ्याच्या घडीत पोचतं. ती बोटभर आतपर्यंत पसरलेली असते आणि मास्क कितीही अचूक केला तरी जात नाही, कारण ती खरोखर कापडावरच पडलेली आहे.

ओळखायचं असं: मास्क दोन पिक्सेल आत ओढून बघा. हिरवं गेलं तर ती रेघ होती. आत तसंच राहिलं तर झाक. बहुतेक फोटोंत दोन्ही असतात.

२. कटिंग अगदी नीट केलंय, तरी रेघ का येते?

कारण काठावरच्या पिक्सेलचा रंग मुळातच मिश्र असतो. तो असा तयार होतो:

```
C = a*F + (1-a)*B
```

इथे C म्हणजे फोटोत दिसणारा रंग, F माणसाचा खरा रंग, B जुन्या बॅकग्राउंडचा रंग आणि a म्हणजे त्या पिक्सेलचा किती भाग माणसाने व्यापलाय ते.

आजोबांच्या कोपराजवळचा एक पिक्सेल घेऊ. सदरा आहे 225, 225, 220. ऊस आहे 90, 140, 50. पिक्सेल अर्धा-अर्धा असेल तर दिसणारा रंग होतो साधारण 158, 183, 135, म्हणजे मळकट पोपटी. मास्क अचूक असेल तर तो या पिक्सेलला 50 टक्के पारदर्शक करेल. पण पारदर्शकता बरोबर असली तरी रंग अजून पोपटीच आहे. मरून पडद्यावर (110, 30, 40) तो ठेवला की निकाल येतो 134, 107, 88, म्हणजे मातकट तपकिरी. खरं तर तिथे 168, 128, 130 असा फिकट गुलाबी रंग यायला हवा होता. ती मातकट रेघ हीच.

म्हणून मास्क कितीही घासला तरी रेघ पूर्ण जात नाही. काठावरच्या पिक्सेलचा रंगही बदलावा लागतो.

३. रेघ काढायची सर्वांत सोपी पद्धत कोणती?

सदरा, धोतर, टोपी, चपला अशा ठळक काठांसाठी `Select and Mask` उघडा, खाली `Decontaminate Colors` वर टिक करा आणि आउटपुट `New Layer with Layer Mask` ठेवा. हे काठावरच्या पिक्सेलला जवळच्या, पूर्ण निवडलेल्या भागाचा रंग देतं. कोपराच्या पोपटी पिक्सेलला सदऱ्याचा पांढरा मिळतो. पिक्सेलचा रंग खरोखर बदलतो, म्हणूनच ते वेगळा लेयर करतं. मूळ लेयर खाली जपून ठेवा.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. काठ जितका मऊ, तितकं हे जास्त काम करतं. पेन टूलने एकदम कडक काठाचं कटिंग केलं असेल तर त्याला कुठे काम करायचं ते कळतच नाही. अशा वेळी आधी अर्धा-एक पिक्सेल `Feather` द्या.

दुसरा मार्ग `Layer > Matting > Defringe`. रुंदी 1 पिक्सेल, फार तर 2. हे मास्क लेयरमध्ये मिसळून टाकल्यावर वापरायचं, म्हणून आधी डुप्लिकेट करा. केसांवर मात्र लावू नका, बटा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात.

`Shift Edge` मायनसमध्ये नेऊन काठ आत ओढणं हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे. सदऱ्याला तो चालून जातो. बोटं, कान आणि चष्म्याची काडी मात्र बारीक होतात. आजोबांना ओळखणारा माणूस फोटो बघून ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणतो, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

४. सदऱ्यावरची हिरवी झाक कशी काढू?

सदऱ्यासारख्या पांढऱ्या कापडावर सगळ्यात खात्रीचा मार्ग हातानेच आहे. आजोबांच्या लेयरवर नवा रिकामा लेयर घ्या, तो क्लिप करा म्हणजे रंग बाहेर सांडणार नाही, आणि त्याचा मोड `Color` ठेवा. सदऱ्याच्या स्वच्छ भागातून, छातीजवळून, रंग उचला. मऊ ब्रश, अपारदर्शकता 20-25 टक्के. बाहीच्या खालच्या बाजूने, घड्यांतून हळूहळू फिरवा. `Color` मोडमध्ये फक्त रंग बदलतो, उजेड-सावली तशीच राहते, त्यामुळे घड्या पुसल्या जात नाहीत.

झाक खूप पसरलेली असेल तर क्लिप केलेला `Hue/Saturation` लावा. इथे लोक `Greens` निवडतात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. गवत आणि उसाच्या पानांवरून आलेला उजेड डोळ्याला हिरवा वाटला तरी त्यात पिवळा भरपूर असतो, म्हणून तो बहुतेक वेळा `Yellows` मध्ये सापडतो. पॅनेलमधल्या हाताच्या चिन्हाने फोटोत त्या जागीच क्लिक करा म्हणजे रंगपट्टा आपोआप योग्य जागी जातो. मग सॅच्युरेशन 50-60 ने खाली आणा आणि मास्क काळ्याने भरून फक्त झाक असलेल्या जागी उघडा. मास्क न लावता तसंच सोडलं तर चेहरा राखाडी पडतो, कारण त्वचेतही पिवळा असतो.

५. व्हिडिओवाले हिरवा काढायला एक सूत्र वापरतात म्हणे. ते फोटोला चालतं का?

चालतं, आणि झाक म्हणजे नेमकं काय हे त्यातून छान कळतं. सूत्र असं:

```
G' = min(G, (R+B)/2)
```

हिरवा जर लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला असेल, तर त्याला सरासरीवर आणायचं. नसेल गेला तर हात लावायचा नाही. आजोबांच्या बाहीखालचा रंग 196, 210, 178 होता. लाल-निळ्याची सरासरी 187, म्हणून नवा रंग 196, 187, 178. हिरवा गेला आणि किंचित उबदार पांढरा उरला. त्वचेत हिरवा सहसा या मर्यादेच्या खालीच असतो. 200, 150, 120 असा गाल असेल तर सरासरी 160, म्हणजे गालाला धक्का लागत नाही.

याचे दोन तोटे आहेत. उजेडाच्या जाणिवेत हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे 70 टक्के, म्हणून हिरवा कापला की तो भाग काळवंडतो. तिथे क्लिप केलेल्या `Curves` ने थोडा उजेड परत द्यावा लागतो. दुसरा तोटा पिवळ्या कपड्यांचा, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

६. खांद्यावर निळसर दिसतंय आणि खाली हिरवट. असं कसं?

उघड्यावर हे होणारच. वरून निळं आभाळ, खालून आणि बाजूने हिरवा फड. टोपीचा माथा आणि खांदे निळसर, बाह्यांचा खालचा भाग हिरवट. पूर्ण लेयरवर एकच दुरुस्ती लावली तर एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. दोन वेगळे `Color` लेयर करा, एक वरच्या भागासाठी, एक खालच्या. कृती प्रश्न ४ मधलीच.

७. आधी उजेड जुळवू की आधी झाक काढू?

आधी मास्क, मग रेघ, मग झाक आणि शेवटी उजेड. कार्यालयातल्या उजेडाशी जुळवायला आधीच फोटो पिवळा केला तर हिरवी झाकही पिवळट होते आणि चेहऱ्याच्या रंगात मिसळते. मग तिला वेगळं पकडता येत नाही.

उजेड जुळवतानाची एक चूक मी फार वेळा पाहिली आहे, सुरुवातीला स्वतःही केली आहे. मागचा पडदा, माळा, दिवे सगळं पिवळं दिसतं म्हणून आजोबांनाही पिवळं केलं जातं. पण लग्नाचा ग्रुप फोटो बहुधा फ्लॅश मारून काढलेला असतो. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या जवळचा, साधारण 5500 केल्विन, आणि तोच समोरच्या माणसांवर पडतो. मागच्या दिव्यांचा पिवळेपणा फक्त मागेच राहतो. म्हणून बॅकग्राउंडकडे बघू नका, शेजारच्या माणसाकडे बघा. आमच्या उदाहरणात शेजारी उभ्या काकांचा शर्ट पांढरा होता. `Info` पॅनेलमध्ये त्यांच्या शर्टाचे आणि सदऱ्याचे आकडे शेजारी ठेवले, तर सदऱ्यात निळा जेमतेम 12 ने जास्त निघाला. `Curves` मध्ये तेवढाच निळा उतरवला. नजरेने केलं असतं तर त्याच्या तिप्पट उतरवला असता.

८. आजीने पिवळी किंवा हिरवी साडी नेसली असेल तर?

तर सूत्र किंवा `Hue/Saturation` पूर्ण लेयरवर अजिबात लावू नका. हळदी रंगाची साडी 230, 190, 40 असेल तर प्रश्न ५ मधलं सूत्र तिचा हिरवा 135 वर आणेल आणि साडी केशरी होईल. सूत्राची सौम्य आवृत्ती वापरता येते:

```
G' = min(G, max(R,B))
```

यात सरासरीऐवजी लाल-निळ्यातला मोठा आकडा घेतात, म्हणून पिवळा सुरक्षित राहतो. मात्र झाकही कमीच निघते.

हिरव्या साडीला दोन्ही सूत्रं निरुपयोगी. साडीचा वेगळा मास्क करून तिला वगळा आणि फक्त त्वचा, केस, दागिने यांवर काम करा. साडीवरची हिरवी झाक तशीही कुणाला दिसत नाही. काठ-पदराचा रंग मात्र घरच्यांना विचारून घ्या. जरीचा सोनेरी काठ झाक काढताना सहज तांबूस होतो आणि आजीची ती साडी घरात सगळ्यांना पाठ असते.

९. केसांभोवतीची रेघ काही केल्या जात नाही.

केसांना वेगळी वागणूक लागते. एकेक केस पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे पिक्सेलमध्ये माणसाचा वाटा 10-20 टक्केच. एवढ्याशा वाट्यातून मूळ रंग शोधायचा म्हणजे मिश्रणातून बॅकग्राउंड वजा करून उरलेल्याला 0.1 ने भागायचं. फोटोतला दाणाही दहापट मोठा होतो. कुठलंही बटण दाबलं तरी तिथे चांगला रंग येत नाही, तो या कारणाने.

त्यापेक्षा केसांचा लेयरच वेगळा करा. टोपीखालून बाहेर आलेले आजोबांचे पांढरे केस गडद उसापुढे होते. फोटोचे तिन्ही चॅनेल उघडून पाहिले तर निळ्यात फरक सर्वांत मोठा होता. पानं जवळजवळ काळी, केस पांढरे. तो निळा चॅनेल कृष्णधवल लेयर म्हणून आणला, `Levels` ने पानं पूर्ण काळी केली आणि मोड `Screen` ठेवला. `Screen` मध्ये काळं नाहीसं होतं, म्हणून पडद्यावर फक्त केस उरले, रंगाचा मागमूस नाही. मास्क करून हा लेयर केसांच्या पट्ट्यापुरताच ठेवला. डोक्याचा भरीव भाग नेहमीच्या कटिंगमधला.

काळे केस उजळ आभाळापुढे असतील तर हेच उलटं करा: आभाळ पूर्ण पांढरं होईपर्यंत `Levels` आणि मोड `Multiply`. नवं बॅकग्राउंड केसांपेक्षाही गडद असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही. तिथे एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने चार-सहा केस हाताने काढावे लागतात. सगळे काढायची गरज नसते, कानाजवळ आणि मानेवर काढले की पुरतं.

१०. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो. हे काय?

हे कॉम्प्रेशन आहे. जेपेग फाइलमध्ये उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्याने ठेवतात, रंगाची माहिती मात्र बऱ्याचदा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाव्याने. म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंग. सदऱ्याचा काठ नेमका त्या चारांच्या मधून गेला तर उसाचा हिरवा सदऱ्याच्या आत दोन-तीन पिक्सेल शिरतो. तो रेघ नाही, झाकही नाही, पण दिसतो दोन्हीसारखा. मास्कने जात नाही. काठालगत अरुंद ब्रशने प्रश्न ४ मधला `Color` लेयर फिरवला की जातो, कारण उजेडाची माहिती शाबूत असते आणि बिघडलेला असतो फक्त रंग.

त्याआधी मूळ फाइल मागून घ्या. ‘फोटो गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं सांगितलं तरी अर्धं काम वाचतं.

मोबाइलच्या फोटोत आणखी एक पांढरी रेघ असते. ती कॅमेऱ्यानेच फोटो धारदार करताना काढलेली असते. कटिंगच्या आधीच मूळ फोटोत काठ मोठा करून बघा. तिथे रेघ दिसली तर क्लोन टूल `Darken` मोडमध्ये ठेवून आतला रंग तिच्यावर आणा.

११. माझ्याकडे फोटोशॉप नाही, गिंप आहे. यातलं काय जमेल?

बहुतेक सगळं. रिकामा लेयर आणि रंगाचा मोड तिथेही आहे, नाव `HSL Color`. `Decontaminate` ची जागा हाताने भरून काढायची: मास्क लेयरमध्ये मिसळा, लेयरचा `Lock alpha channel` सुरू करा आणि क्लोन टूलने आतला रंग काठावर आणा. पारदर्शकता लॉक असल्याने काठाचा आकार हलत नाही, फक्त रंग बदलतो. वेळ जास्त लागतो, पण माझ्या मते निकाल बटणापेक्षा चांगला येतो.

१२. आजोबांचा फोटो वरातीतला आहे, अंगावर जांभळे-निळे एलईडी. हे निघेल का?

थोडंफार असेल तर निघेल, पूर्ण चेहरा रंगला असेल तर नाही. उसाची झाक असते तेव्हा खाली पांढरा उजेड असतोच, आपण वरचं काढतो. रंगीत एलईडीचा उजेड मात्र वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यातच असतो. जांभळ्या उजेडात हिरवा जवळपास नसतोच, आणि लाल-निळे चॅनेल 255 ला टेकलेले असतात. तिथे त्वचेचा खरा रंग फाइलमध्ये नोंदवलेलाच नाही, म्हणून व्हाइट बॅलन्स कुठेही सरकवला तरी चेहरा करडा किंवा मेणासारखा दिसतो.

तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. एकात तरी नाक-डोळ्यांचा तपशील न फाटता आला असेल तर तो कृष्णधवल म्हणून घ्या आणि त्यावर शेजारच्या नातेवाइकाच्या त्वचेवरून उचललेला रंग `Color` मोडमध्ये चढवा. छोट्या प्रिंटला चालतं. मोठ्या फ्रेमसाठी मी दुसरा फोटो मागतो, मग तो आधार कार्डासाठी काढलेला का असेना.

१३. ओढणी, जाळीचा पदर आणि चष्मा यांतून जुनं बॅकग्राउंड दिसतं.

ओढणीच्या पारदर्शक भागाचं कटिंग करूच नका. तो भाग मास्कने पूर्ण काढा, मग नव्या बॅकग्राउंडवर ओढणीच्या रंगाचा सपाट लेयर 40-50 टक्क्यांवर ठेवा आणि मूळ ओढणीच्या घड्या कृष्णधवल करून `Soft Light` मध्ये वर चढवा. चष्म्याच्या काचेतून गालाबाहेर जो चिंचोळा तुकडा दिसतो, तिथे ऊस राहिलेला असतो. तेवढा काढून पडदा दिसू द्या. काचेवरचं फडाचं प्रतिबिंब `Color` लेयरने रंगहीन करा, पण चमक पुसू नका, नाहीतर चष्म्यात काच नाही असं वाटतं.

१४. सगळं साफ केलं, तरी माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

काठ फारच साफ झालाय. खऱ्या फोटोत मागचा उजेड किंचित काठावर चढतो. नव्या बॅकग्राउंडची प्रत घ्या, तिला 20-30 पिक्सेल `Gaussian Blur` द्या, आजोबांच्या लेयरला क्लिप करून `Screen` ठेवा आणि मास्कने फक्त काठाच्या चार-पाच पिक्सेलपुरती दाखवा. अपारदर्शकता 10 ते 20 टक्के. मागे दिवा किंवा उजळ भिंत असेल तिथेच ठेवा. गडद पडद्यापुढे याची गरज नसते, आणि जास्त झालं तर जी रेघ काढली तीच परत येते.

काठाचा मऊपणाही शेजाऱ्यांशी जुळवा. काकांच्या खांद्याचा काठ तीन पिक्सेलमध्ये विरत असेल तर आजोबांचा एकात संपता कामा नये.

१५. स्क्रीनवर रेघ नव्हती, प्रिंटमध्ये आली. का?

दोन कारणं असतात. एक, तुम्ही फक्त एकाच बॅकग्राउंडवर तपासलं. उजळ रेघ उजळ भिंतीपुढे लपते. काम संपवण्याआधी आजोबांच्या खाली एकदा सपाट काळा आणि एकदा सपाट पांढरा लेयर ठेवून, 100 टक्के झूमवर पूर्ण काठ फिरून बघा. दुसरं, प्रिंटला पाठवताना फोटो धारदार केला जातो, कधी तुमच्याकडून, कधी लॅबकडून, आणि त्याचा पहिला मार जोडलेल्या काठावर बसतो. लॅबला ‘करेक्शन नको’ असं लिहून द्या आणि स्वतः धारदार करताना आजोबांचा काठ मास्कने वगळा. 12×18 ची फ्रेम करायची असेल तर आधी तेवढ्याच मापाचा खांदा-डोक्याचा तुकडा 4×6 वर छापून हातात घेऊन बघा.